वाळलेला फेविकॉल पुन्हा पांढरा होतो तेव्हा

दिवाळीच्या आधी घराघरांत आकाशकंदील होतात, गणपतीत मखर होतं आणि शाळेचे प्रकल्प तर वर्षभर चालूच असतात. या सगळ्या कामांत फेविकॉलची पांढरी बाटली असते. काम संपल्यावर तोच फेविकॉल मुलांच्या बाहीवर, अभ्यासाच्या टेबलावर आणि दप्तराच्या कप्प्यात सापडतो, आणि सापडेपर्यंत बहुधा वाळलेला असतो. मग कपडा पाण्यात बुडतो, साबण लागतो, ब्रश फिरतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या बाहीवर तो कडक पापुद्रा जसाच्या तसा बसलेला दिसतो.

भिजवलं की चिकटवलेलं सुटतं, अशी आपली जुनी समजूत आहे आणि ती जुन्या चिकट पदार्थांच्या बाबतीत खरीही होती. मैद्याची खळ कितीही वाळली तरी पाण्यात परत फुगते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. सुतार पूर्वी जो सरस वापरत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असे. तो गरम करून लावायचा आणि पुन्हा गरम पाणी मिळालं की तो सैल व्हायचा. हे सगळे पदार्थ पाण्यातून येत आणि पाण्यात परत जात. पांढरा फेविकॉल या घराण्यातला नाही. तो पॉलिव्हिनाइल असिटेट नावाच्या प्लास्टिकचा आहे. हे प्लास्टिक जर्मनीतल्या फ्रिट्झ क्लाटे यांनी 1912 मध्ये शोधलं. आपल्याकडे 1959 मध्ये फेविकॉल हे नाव बाजारात आलं आणि सरस तापवत बसण्याच्या कटकटीतून सुतारांची सुटका झाली. पुढे तोच पदार्थ छोट्या बाटल्यांतून मुलांच्या कंपासपेटीशेजारी पोहोचला.

बाटलीतला फेविकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. दुधात स्निग्धांशाचे कण तरंगतात तसे हे असतात, म्हणूनच तो पांढरा दिसतो. प्रकाश या असंख्य कणांवर आदळून इकडे तिकडे विखुरतो. लावल्यावर पाणी उडून जातं, कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सलग थर बनतो. मधे हवा नाही, पाणी नाही, त्यामुळे प्रकाश आरपार जातो आणि थर पारदर्शक दिसतो. आता तो पाण्यात परत कणाकणांनी तरंगू शकत नाही, कारण कण उरलेलेच नाहीत. म्हणून ओल्या फेविकॉलचा डाग थंड पाण्याच्या नळाखाली मिनिटभरात जातो, आणि तोच डाग वाळला की धुण्याच्या पावडरीला दाद देत नाही.

पण या थरात एक कच्चा दुवा असतो. कण बाटलीत एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती पाण्यात विरघळणारा आणखी एक पदार्थ घातलेला असतो. फेविकॉल वाळला तरी तो पदार्थ थरातच, कणांच्या जुन्या सीमांवर, अडकून राहतो. वाळलेला थर बराच वेळ पाण्यात ठेवला तर हा पदार्थ पाणी ओढून घेतो, थराच्या पोटात पाण्याचे बारीक कप्पे तयार होतात, थर फुगतो आणि प्रकाश पुन्हा विखुरू लागतो. म्हणजे पारदर्शक झालेला डाग पुन्हा पांढरा होतो. अनेक जण हे पाहून घाबरतात, डाग वाढला असं समजतात आणि कपडा बाहेर काढतात. खरं तर ती काम सुरू करण्याची खूण आहे. डाग पांढरा झाला म्हणजे पाणी आत पोहोचलं, थर मऊ झाला आणि खालच्या धाग्यावरची त्याची पकड सैल झाली.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. वाळलेला फेविकॉल विरघळवायचा नाही, फुगवून उचलायचा. विरघळवणारे पदार्थ आहेत, त्यांचीही गरज कधी कधी पडते, पण ते शेवटी आणि थेंबाथेंबाने. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट तापमानाची. हे प्लास्टिक आपल्या घरातल्या साध्या तापमानाच्या आसपासच मऊ आणि कडक यांच्या सीमेवर असतं. थोडं गरम केलं की रबरासारखं लवचीक होतं, बर्फाने गार केलं की काचेसारखं ठिसूळ. सुती कपड्याला आणि लाकडाला ऊब उपयोगी पडते, दप्तराला गारवा.

आता एक कपडा घेऊ. निळ्या रंगाचा सुती कुर्ता आहे, आकाशकंदील करताना उजव्या बाहीच्या कडेवर फेविकॉल सांडला आहे. दोन बोटं रुंद पट्टा, मधे जाड, कडेला पातळ. तो दिसला तेव्हा तीन-चार दिवस होऊन गेले होते आणि मधे कुर्ता एकदा धुऊनही झाला होता. सुदैवाने इस्त्री झालेली नाही. याला सुदैव म्हणायला कारण आहे. इस्त्रीची उष्णता थराला इतकं मऊ करते की तो दाबाखाली धाग्यांच्या आत, पार पलीकडच्या बाजूपर्यंत शिरतो. वर बसलेला पापुद्रा आणि आत मुरलेला पापुद्रा यांत काढण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून डाग दिसला की पहिला नियम हाच, की तो जाईपर्यंत त्या कपड्याला इस्त्री लावायची नाही आणि कडक उन्हात वाळतही घालायचा नाही.

सुरुवात कोरड्यानेच करायची. जाड भागाची कड नखाने किंवा चमच्याच्या बोथट काठाने उचलून पाहायची. विणलेल्या सुती कापडावर जाड गोळा असेल तर त्याचा वरचा भाग कधी कधी सोलून निघतो. पण ओढताना कापड ताणलं जाऊन धागे वर येत असतील तर लगेच थांबायचं. सूत हे फेविकॉलचं अतिशय आवडतं घर आहे. सुताचा प्रत्येक धागा शेकडो तंतूंचा पिळलेला असतो, ओला फेविकॉल त्या पिळात शिरतो आणि तिथेच वाळतो. जोर लावून ओढलं की फेविकॉलबरोबर तंतूही तुटतात. मग डाग जातो आणि त्या जागी विरळ, लोकरल्यासारखा ठिपका राहतो, जो कुठल्याच उपायाने भरून येत नाही.

मग पाणी. कुर्ता रंगीत आहे, म्हणून आधी आतल्या शिवणीवर एक कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहायचा. रंग उतरत नसेल तर पुढे जायचं. बादलीभर पाणी लागत नाही. एका पातेल्यात हात सहज बुडवून ठेवता येईल इतकं ऊन पाणी, म्हणजे साधारण 45 अंशांचं, त्यात एक छोटा चमचा कपड्याची पावडर, आणि त्यात फक्त बाही. उकळतं पाणी नको. त्याने फेविकॉल अधिक लवकर फुगेल हे खरं, पण सुती कापड आटू शकतं, रंग सुटतो, आणि जास्त मऊ झालेला थर चिकट होऊन चोळताना शेजारच्या कोऱ्या कापडावर पसरतो. पाणी गार झालं की ओतून पुन्हा ऊन पाणी घालायचं.

अर्ध्या तासाने पाहिलं तर पट्ट्याच्या कडा पांढुरक्या झालेल्या दिसतात, मधला जाड भाग अजून पारदर्शकच असतो. इथे घाई करणारे ब्रश घेऊन बसतात आणि कडा तेवढ्या निघून मधला गाभा राहतो. जाड थराला तास-दोन तास, कधी रात्रभरही लागतं. मध्यापर्यंत सगळा पट्टा दुधाळ झाला आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागला की बाही बाहेर काढायची, उलटी करायची आणि डागाच्या मागच्या बाजूने काम सुरू करायचं. समोरून घासलं तर सुटलेला फेविकॉल पुन्हा कापडात दाबला जातो. मागून घासलं तर तो पुढे ढकलला जातो आणि पुढच्या बाजूवर मोकळा होतो. जुना मऊ टूथब्रश घेऊन, कापड तळहातावर पसरून, धाग्यांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचं. नंतर बाही सुलटी करून वर आलेला पांढरा गर चमच्याच्या काठाने गोळा करत न्यायचा. गर गोळा होतो, रबरखोडाच्या चुऱ्यासारख्या वळ्या होतात आणि त्या कापडावरून उचलता येतात. ब्रश मधून मधून धुवायचा, नाहीतर तोच गर पुन्हा कापडाला लागतो.

पहिल्या फेरीत बहुतेक सगळा निघतो, पण सगळा नाही. कुर्ता ओला असताना हे कळतच नाही, कारण ओलं कापड सगळीकडे गर्द दिसतं. सावलीत वाळवायचा आणि मग बोट फिरवायचं. जिथे कापड कडक लागतं तिथे फेविकॉल आहे. याहून चांगली खूण म्हणजे वाळलेल्या बाहीवर पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडायचे. मोकळं सूत पाणी लगेच पितं आणि गर्द होतं. फेविकॉल उरलेल्या जागी थेंब क्षणभर उभा राहतो किंवा तेवढा ठिपका फिकट राहतो. तसा ठिपका दिसला की ऊन पाण्याची तीच फेरी पुन्हा. दुसऱ्या भिजवणीत थर पातळ असल्याने वेळ कमी लागतो.

आता व्हिनेगर आणि स्पिरिट यांच्याविषयी. घरातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे पाण्यात विरलेलं असिटिक आम्ल, आणि या प्लास्टिकशी त्याचं नातं असल्याने ते थरात पाण्यापेक्षा सहज शिरतं. व्हिनेगर आणि ऊन पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात भिजवलेला कापसाचा बोळा उरलेल्या ठिपक्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर जुना थरही सैल होतो. स्पिरिट, म्हणजे औषधाच्या दुकानात जखम पुसण्यासाठी मिळतं ते, त्याहून जोरकस. ते थर फुगवतं आणि काही अंशी विरघळवतं. नखांचं पॉलिश काढण्याचं द्रव असिटोनचं असेल तर ते थर खरोखरच विरघळवून टाकतं.

आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. विरघळलेला फेविकॉल पातळ होऊन कापडात पसरतो, असिटोन उडून जातं आणि डाग मोठ्या आकाराच्या पातळ थराच्या रूपात पुन्हा वाळतो. त्याच्या कडेला एक वर्तुळही उमटतं. हे टाळायचं तर डाग पालथा करून जाड पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा, मागच्या बाजूने बोळ्याने थेंब थेंब लावायचं, चोळायचं नाही, दाबायचं, आणि खालच्या फडक्याची जागा प्रत्येक वेळी बदलायची, म्हणजे विरघळलेलं सगळं खाली शोषलं जाईल. पांढऱ्या शुद्ध सुताला असिटोनने काही होत नाही. पण असिटेटचं अस्तर किंवा लेस असेल तर ती अक्षरशः वितळते, प्लास्टिकच्या छापाची चित्रं निघतात आणि काही बटणं धुरकट होतात. आपल्या निळ्या कुर्त्यावर मी स्पिरिटच्या पुढे जाणार नाही, आणि स्पिरिटसुद्धा शिवणीवर तपासूनच. दोन्ही द्रवं झटकन पेट घेतात, म्हणून गॅसच्या आणि देवघरातल्या समईच्या आसपास हे काम नको, खिडकी उघडी हवी आणि बाटली मुलांच्या हाती नको. ब्लीचचा इथे काहीच उपयोग नाही, ते फेविकॉलला स्पर्शही करत नाही. उलट व्हिनेगर, स्पिरिट किंवा असिटोन यांच्यात ते मिसळलं तर विषारी वायू किंवा द्रव्यं तयार होतात. म्हणून ती बाटली त्या दिवशी बाहेरच काढू नये.

लाकडी टेबलाची गोष्ट वेगळी, कारण तिथे फेविकॉल बहुधा लाकडावर नसतो, लाकडावरच्या पॉलिशवर असतो. आपण काढतो फेविकॉल, पण जपायचं असतं पॉलिश. ते कुठलं आहे हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या सागवानी टेबलांवर पुष्कळदा लाखेचं पॉलिश असतं. सुतार लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून ते कापडाच्या बोळ्याने चढवतात. म्हणजे ज्या स्पिरिटने फेविकॉल सुटतो त्याच स्पिरिटने हे पॉलिशही सुटतं, आणि फेविकॉलपेक्षा लवकर सुटतं. नव्या टेबलांवर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश असतं, ते स्पिरिटच्या एखाद्या थेंबाला दाद देत नाही. ओळखायचं असं, की टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाच्या आतल्या अंगाला, जिथे पॉलिश आहे पण नजर जात नाही अशा ठिकाणी कापूसकाडीने स्पिरिटचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने त्याच काडीने टेकवून पाहायचं. पृष्ठभाग चिकट झाला, काडीला तांबूस रंग आला, तर लाख आहे. मग स्पिरिट, असिटोन, थिनर हे शब्द त्या टेबलापुरते विसरायचे. टेबलाला सनमायका असेल तर मात्र काळजी संपली. तिथे फेविकॉल मुरायला जागाच नसते, ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवला की पापुद्रा अखंड निघतो.

पॉलिश केलेल्या टेबलावर ऊन पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं डागाच्या आकाराइतकी घडी करून त्यावर ठेवायचं. थेंब गळता कामा नये, ओलावा फक्त डागालाच मिळायला हवा. पाच मिनिटांनी उचलून पाहायचं. डाग दुधाळ झाला की आइस्क्रीमच्या लाकडी काडीचं टोक तिरकं कापून किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अगदी आडवं धरून सरकवायचं. सुरी, पाती, स्क्रू ड्रायव्हर यांच्याकडे हात जातो, पण धातूची कड पॉलिशवर जी रेघ पाडते ती फेविकॉलपेक्षा जास्त काळ छळते. अर्धा थर निघाला आणि उरलेला कडक लागला तर खरवडत बसायचं नाही, पुन्हा फडकं ठेवायचं. पाच-पाच मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या एका लांबलचक भिजवणीपेक्षा कितीतरी बऱ्या, कारण लाखेच्या पॉलिशखाली ओल फार वेळ राहिली की पॉलिशच पांढुरकं पडतं. गरम चहाच्या कपाखाली उमटतं तसलंच ते कडं. हे कडं आणि फुगलेला फेविकॉल दोन्ही पांढरे दिसतात, आणि इथे भले भले फसतात. फरक बोटाला कळतो. फेविकॉल उंच आणि मऊ लागतो, कडं गुळगुळीत आणि सपाट असतं. कडं दिसलं तर पाणी ताबडतोब बंद. कोरडं पुसून टेबल एक-दोन दिवस वाऱ्यावर राहू द्यायचं, ताजं कडं पुष्कळदा त्यातच फिकं होत जातं.

पाण्याला घाबरावं असं पॉलिश असेल तर केस वाळवायचा ड्रायर कामी येतो. वीतभर अंतरावरून, मध्यम उष्णतेवर, सतत हलता ठेवून अर्धा मिनिट वारा द्यायचा, थर मऊ झाला की काडीने कड उचलायची आणि बोटाने हळू सोलत जायचं. एका जागी ड्रायर धरून ठेवला तर लाखही मऊ होते आणि फेविकॉलबरोबर तिचाही पापुद्रा निघतो. हाताला चटका बसत नाही इतपतच टेबल तापू द्यायचं.

टेबल पार्टिकल बोर्डचं असेल, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचं, तर कडेकडची फट पाहून घ्यायची. पट्टी उचकटलेल्या जागेतून पाणी आत गेलं की फळी फुगते आणि ती पुन्हा कधीच पूर्ववत बसत नाही. अशा जागी ओलं फडकं नको, ड्रायरच बरा.

पॉलिश नसलेल्या कोऱ्या लाकडावर, म्हणजे मुलांनी शाळेच्या कार्यानुभवासाठी केलेल्या स्टुलावर किंवा नव्याने करून घेतलेल्या टेबलाच्या सांध्याभोवती, फेविकॉल सांडला असेल तर तो वरून काढणं पुरेसं नसतं. लाकडाच्या रंध्रांत तो नळीत भरल्यासारखा बसतो. हात फिरवला तर काहीच लागत नाही, डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि पॉलिश चढवलं की तेवढाच भाग फिकट, कोरा राहतो, कारण रंग आत जायला वाटच नसते. जाणते सुतार म्हणूनच पॉलिशच्या आधी सगळ्या पृष्ठभागावरून ओलसर फडकं फिरवून घेतात. लाकूड गर्द होतं आणि फेविकॉलच्या जागा लगेच फिकट उठून दिसतात. त्या जागा खडूने खुणावून, लाकूड वाळल्यावर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासायच्या, मग 180 आणि शेवटी 220, आणि पुन्हा ओलं फडकं फिरवून पाहायचं. मात्र भरीव लाकडावर हे जमतं. प्लायवर चढवलेलं सागाचं व्हिनिअर एखाद्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. तिथे 120 नंबरचा कागद दोन मिनिटांत खालचा प्लाय उघडा करतो. व्हिनिअरवर ओलं फडकं, कापूसकाडी आणि शेवटी 220 नंबरचे मोजके हलके हात, इतकंच.

दप्तर दिसायला सगळ्यांत अवघड वाटतं आणि बहुतेक वेळा सगळ्यांत सोपं असतं. हल्लीची दप्तरं पॉलिएस्टर किंवा नायलॉनची असतात. त्यांचे तंतू गुळगुळीत, पाणी न पिणारे. फेविकॉल त्यांच्या आत शिरत नाही, विणीच्या खाचांना धरून वर बसतो. म्हणून इथे भिजवण्यापेक्षा गारठवणं चांगलं. दप्तर रिकामं करायचं, बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डागावर दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवायचे. थर ठिसूळ झाला की लगेच, तो पुन्हा ऊब धरायच्या आत, त्या जागचं कापड दोन्ही हातांनी पुढे-मागे दुमडायचं. थर तडकतो, कडा सुटतात आणि तुकडे नखाने उचलता येतात. फ्रीजरमध्ये मावत असेल तर रिकामं दप्तर तासभर त्यात ठेवलं तरी तेच घडतं. हीच युक्ती सुती कुर्त्यावर फारशी चालत नाही, कारण तिथे तडकलेले तुकडेही तंतूंना धरून बसतात.

ऊन पाण्यात दप्तर बुडवण्याचा मोह मात्र आवरावा. या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ लेप असतो, जुना झाला की तो उष्णतेने आणि घासण्याने पापुद्रे होऊन सुटतो. पट्ट्यांत आणि पाठीमागे स्पंज असतो, तळाला पुष्कळदा पुठ्ठा. पुठ्ठा भिजला की दप्तराचा आकार जातो, स्पंज भिजला की पावसाळ्यात आठवडाभर वाळत नाही आणि कुबट वास धरतो. बर्फाने तडकवल्यावर जे बारीक कण विणीत राहतात त्यांच्यापुरता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवलेला टूथब्रश पुरतो. नंतर कोरड्या फडक्याने टिपून, सगळ्या चेन उघड्या ठेवून, दप्तर उलटं टांगायचं. वरच्या छापील चित्रांवर आणि रेक्झिनवर स्पिरिट किंवा असिटोन लावूच नये, चित्राचा रंग बोळ्यावर येतो आणि रेक्झिनची चकाकी कायमची जाते. सुती कॅनव्हासची पिशवी असेल तर ती दप्तर म्हणून न पाहता कुर्त्यासारखीच वागवावी, फक्त कातडी पट्टा पाण्याबाहेर ठेवून.

चेनमध्ये फेविकॉल गेला असेल तर ती ओढायची नाही. अडकलेला सरकता तुकडा जोराने ओढला की चेनचे दात वाकतात, आणि मग चेनच बदलावी लागते. कोमट पाण्यात बुडवलेली कापूसकाडी दातांवर टेकवत राहायचं, पांढरं झालं की दाताच्या फटीतून टूथपिकने एकेक कण काढायचा, आणि सरकता तुकडा मोकळ्या दिशेने आधी एक-दोन दात मागे न्यायचा, मग पुढे.

एवढं करूनही काही डाग जात नाहीत, आणि ते आधी ओळखता येतात. अर्धा-एक तास ऊन पाण्यात ठेवूनही थराच्या कडा जराही पांढऱ्या झाल्या नाहीत तर तो मुलांच्या कामाचा साधा फेविकॉल नाही. सुतारकामाचा पाण्याला दाद न देणारा प्रकार असेल, किंवा फेविक्विकसारखा वेगळ्याच जातीचा पदार्थ असेल. पाणरोधक प्रकार मुद्दाम असा केलेला असतो की वाळताना त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि पाण्याला आत वाटच मिळत नाही. त्याच्यावर व्हिनेगरचा जोर थोडा चालतो, पाण्याचा नाही. रंगीत, चमकीच्या फेविकॉलचं दुखणं निराळं, थर जातो आणि रंग मागे राहतो. तो रंग साध्या डागासारखाच धुऊन काढायचा. आणि ज्या सुती कपड्यावर इस्त्री फिरून गेली आहे त्यातून फेविकॉल पूर्ण निघेल अशी खात्री कोणी देऊ नये. ऊन पाणी आणि व्हिनेगरच्या चार फेऱ्यांनंतर कडकपणा बराच जातो, पण धाग्यांच्या आत दबलेला थोडा भाग राहतो.

कपड्यातून किंवा टेबलावरून निघालेला पांढरा गर मोरीत सोडू नये. पाणी उडून गेलं की तो पुन्हा प्लास्टिकचा पापुद्रा होतो, केसांना आणि साबणाच्या चिकट्याला धरून जाळीवर बसतो. भिजवलेलं पाणी चहाच्या जुन्या गाळणीतून ओतावं, गाळणीत उरलेले तुकडे वाळू द्यावेत आणि सुक्या कचऱ्यात टाकावेत.